मोदकामागे पाच रुपये

मिठाईच्या दुकानासाठी सणाच्या ऑफरची चित्रफीत मी लिहायला घेते तेव्हा मालकाकडून बहुधा तीन मागण्या आलेल्या असतात. बघणाऱ्याला आपुलकी वाटली पाहिजे, त्यानं लगेच यायला हवं आणि भाव नीट कळायला हवा. तिन्ही रास्त आहेत. पण बहुतेक संहितांमध्ये या तिघींना तीन खोल्या दिलेल्या दिसतात. पहिली दहा सेकंदं समई, रांगोळी, आजी आणि नातू; मधली दहा सेकंदं ‘तब्बल’, ‘भव्य’, ‘त्वरा करा’; आणि शेवटी फोन नंबरावर दाटीवाटीनं चढलेले आकडे, तेही निम्मेच. आजी जे सांगते त्याचा पुढच्या ओरड्याशी संबंध नसतो आणि ओरड्याचा आकड्यांशी नसतो. मग मालक म्हणतो, जरा आपुलकी वाढवा, किंवा जरा जोर वाढवा, जणू भाजीत मीठ कमी पडलंय. माझं म्हणणं असं आहे की हे प्रमाणाचं दुखणं नाहीच. दुकान ही सवलत नेमकी कशासाठी देतंय हे संहितेत कुठंच सांगितलेलं नसतं, म्हणून हे तीन तुकडे एकमेकांना चिकटत नाहीत. ते कारण सापडलं की तिन्ही गोष्टी बऱ्याचदा एकाच वाक्यात मावतात.

हे नीट दिसावं म्हणून मी गणेश चतुर्थीचे उकडीचे मोदक घेते, कारण या पदार्थात लपवाछपवीला जागाच नाही. पेढ्याचे किंवा माव्याचे मोदक साच्यातून निघतात, दोन दिवस आधी करून ठेवता येतात. उकडीचं तसं नाही. तांदळाच्या पिठीची उकड गरम असतानाच मळावी लागते, नाहीतर पारी करताना कडा फाटतात. वाफवलेला मोदक फ्रिजमध्ये ठेवला की पारी कडक आणि कोरडी होते, कारण शिजलेला तांदूळ गार झाला की त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बसतो. बाहेर ठेवला तर ऑगस्टच्या दमट हवेत ओल्या नारळाचं सारण आंबायला लागतं. म्हणजे हा पदार्थ त्याच पहाटे करायचा आणि दुपारच्या नैवेद्याच्या आत घरी पोहोचवायचा. त्यात कळ्या हातानंच घालायच्या. साच्यातला मोदक ओळखू येतो आणि तो ओळखणारी सासू प्रत्येक घरात असते.

आता एक मध्यम दुकान डोळ्यांसमोर आणू. आकडे मी हिशेबासाठी धरते आहे, पण अवास्तव नाहीत. आठ सराईत बाया, प्रत्येकीचे तासाला तीस मोदक, पहाटे तीन ते आठ असे पाच तास. झाले बाराशे. मोठी कढई आणली किंवा मोदकपात्रं दुप्पट केली तरी हा आकडा फारसा हलत नाही, कारण अडतं ते हातांपाशी. सराईत हात चतुर्थीच्या पहाटे आयत्या वेळी मिळत नाहीत. ते सगळे कुठं ना कुठं गुंतलेले असतात. एका मध्यम नारळात साधारण दहा-बारा मोदकांचं सारण होतं, म्हणजे बाराशेला शंभराच्या वर नारळ आदल्या संध्याकाळपर्यंत आणून ठेवायला हवेत. दुकानदाराला त्या संध्याकाळी सगळ्यात जास्त काय हवं असतं? गिऱ्हाईक नव्हे, ते येणारच असतं. त्याला हवा असतो आकडा. किती नारळ फोडू, किती पिठी भिजवू, किती बायांना बोलावू. मोदक उरले तर संध्याकाळी ते कुणी घेत नाही आणि कमी पडले तर वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत जातं.

इथं एक आक्षेप लगेच येतो आणि तो चांगला आहे. चतुर्थीला सगळा माल खपणारच असेल, तर सवलत द्यायचीच कशाला? उलट त्या दिवशी भाव चढा ठेवावा. यातलं अर्धं खरं आहे. गिऱ्हाईक खेचण्यासाठी सवलत देणं या दिवशी मूर्खपणाच आहे. पण इथं सवलतीनं गिऱ्हाईक विकत घ्यायचं नाही, आगाऊ आकडा विकत घ्यायचा आहे. धरा, चतुर्थीच्या दिवशी मोदकाचा भाव पंचेचाळीस रुपये आहे आणि दोन दिवस आधी पैसे भरून नोंदवला तर चाळीस. हजार मोदक असे नोंदवले गेले तर दुकानाचे पाच हजार रुपये सुटले. आता नोंदणी नाहीच असं समजू. दुकानानं अंदाजानं बाराशे केले आणि पावसामुळे म्हणा, शेजारच्या दुकानामुळे म्हणा, हजारच गेले. उरलेल्या दोनशे मोदकांचा माल आणि मजुरी मिळून मोदकाला पंचवीस रुपये धरले तरी पाच हजार पाण्यात. म्हणजे एका चुकलेल्या अंदाजात सवलतीचे पैसे निघून जातात, शिवाय नोंदणीचे पैसे नारळवाल्याला द्यायला आधीच हातात असतात. मोदकामागे पाच रुपये ही दुकानाची मेहेरबानी नाही, सणाची भेटही नाही. गिऱ्हाईक दुकानाला जी माहिती देतंय, तिची ती किंमत आहे. मी संहिता लिहिताना मालकाकडून सगळ्यात आधी हे एवढंच काढून घेते. समई-रांगोळीचं नंतर बघता येतं.

हे कारण हाती नसताना लिहिलेली संहिता कशी असते ते सगळ्यांना पाठ आहे. ‘तमाम गणेशभक्तांसाठी आनंदाची बातमी! बाप्पाच्या आगमनानिमित्त आम्ही घेऊन आलो आहोत खास ऑफर! शुद्ध आणि दर्जेदार उकडीच्या मोदकांवर तब्बल अकरा टक्क्यांपर्यंत सूट! ऑफर मर्यादित काळासाठी. त्वरा करा!’ आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘अटी लागू’. या पाच ओळींत बघणाऱ्याला एकही गोष्ट कळलेली नाही. अकरा टक्के कशावर? ‘पर्यंत’ म्हणजे कुणाला अकरा आणि कुणाला दोन? मर्यादित काळ म्हणजे आज रात्री की पुढचा आठवडा? आणि घाई कशासाठी, तर ते फक्त निवेदकाच्या चढलेल्या आवाजात आहे. ‘शुद्ध’ शब्दाचं तर आणखी वेगळं. खाद्यपदार्थांच्या जाहिरातींसाठी २०१८ मध्ये जे नियम आले, त्यांनी ‘शुद्ध’, ‘ताजं’, ‘पारंपरिक’ अशा शब्दांना अटी घातल्या आहेत. पण नियम नसते तरी मी तो शब्द काढला असता. जिथं तिथं वापरून तो इतका गुळगुळीत झालाय की ऐकणाऱ्याच्या कानाला लागतच नाही.

आता त्याच ऑफरची दुसरी संहिता. २०२५ मध्ये चतुर्थी बुधवारी, २७ ऑगस्टला होती, ती तारीख धरते. चित्र साधं आहे: पहाटेचा भटारखाना, खवणीवर फिरणारा नारळ, पारीला कळ्या घालणारी बोटं जवळून, मोदकपात्राचं झाकण उघडल्यावरची वाफ, शेवटी नावाची चिठ्ठी लावलेले डबे. पहिली पाच सेकंदं संगीत नाही, फक्त खवणीचा आवाज. आणि वर निवेदन: ‘उकडीचा मोदक आदल्या रात्री करून ठेवता येत नाही. म्हणून चतुर्थीला आमच्या भटारखान्यात पहाटे तीनला चुली पेटतात. किती करायचे ते आधी कळलं, तर नारळ तेवढेच खवले जातात. सोमवार पंचवीस ऑगस्टपर्यंत नोंदवलेत, तर मोदक चाळीस रुपयांना एक. एकवीस मोदक, आठशे चाळीस. चतुर्थीच्या दिवशी पंचेचाळीस, तेही उरले तर. हजार मोदकांची नोंद झाली, की नोंदणी बंद. बुधवारी सकाळी सात ते अकरा, दुकानात या. डबा तुमच्या नावानं बांधलेला असेल.’

शब्द मोजले तर पासष्टच्या आत आहेत. सेकंदाला दोन शब्द या गतीनं चाळीस सेकंदांत आरामात बसतात आणि श्वास घ्यायलाही जागा राहते. मराठीत यापेक्षा जास्त कोंबले की निवेदक आकडे गिळायला लागतो आणि नेमके आकडेच ऐकू यायला हवे असतात. ‘त्वरा करा’ यात कुठंच नाही, तरी घाई पहिल्याच वाक्यात आहे: करून ठेवता येत नाही. आपुलकीचा वेगळा प्रसंगही नाही. कुणीतरी आपल्यासाठी पहाटे तीनला उठणार आहे आणि डब्यावर आपलं नाव असणार आहे, यात जेवढी येते तेवढी पुरते. शेवटच्या वाक्यात ‘गरम डबा’ असं लिहिण्याचा मोह फार होतो. तो मी खोडते. सहाला वाफवलेला मोदक अकराला नेणाऱ्याच्या हातात गरम राहत नाही, आणि ज्या जाहिरातीतला एक शब्द डब्याला हात लावताच खोटा ठरतो, तिच्यातल्या चाळीस रुपयांवर तरी पुढच्या वर्षी कोण विश्वास ठेवील? मालकानं दर तासाला नवा घाणा लावून डबे त्या-त्या वेळेनुसार भरायचं कबूल केलं, तर ‘गरम’ परत येऊ शकतो. नाहीतर नाही.

भाव सांगण्याबद्दल थोडं रेंगाळायला हवं, कारण बहुतेक घोळ तिथं होतो. माणूस ज्या मापानं विकत घेतो त्याच मापानं भाव सांगायचा. उकडीचे मोदक नगावर जातात आणि नैवेद्याला एकवीसचा रिवाज असल्यानं बरीच घरं एकवीसच घेतात. तेव्हा एका मोदकाचा भाव आणि एकवीसचा भाव, एवढे दोन आकडे तोंडानं सांगायचे. अकरा टक्के सूट असं म्हटलं की ऐकणाऱ्याला मनात गुणाकार करावा लागतो. तो कुणी करत नाही, नुसतं ‘काहीतरी सूट आहे’ एवढं लक्षात राहतं. आणि भाव ठरवतानाच तो तोंडानं कसा उच्चारला जाईल हे पाहावं लागतं. आठशे एकोणनव्वद ही छापायला आकर्षक किंमत आहे, पण ऐकायला भयंकर. शहरातल्या कितीतरी मराठी मुलांना एकोणनव्वद म्हणजे एकोणऐंशी की नव्व्याण्णव याचा क्षणभर विचार करावा लागतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा त्यावर केवढा वाद झाला होता! वादात कुणाची बाजू बरोबर होती ते बाजूला ठेवू. जोडाक्षरी संख्या ऐकताना अडखळायला होतं, एवढं मात्र खरं. चाळीस, पंचेचाळीस, आठशे चाळीस यांत कुणी अडखळत नाही. साडेचारशे, अडीचशे असे भाव तर मराठी कानाला याहून सोपे.

पडद्यावर काय लिहायचं हा वेगळा भाग. पुष्कळ जण चित्रफीत आवाज बंद करून बघतात, ऑफिसात, लोकलमध्ये, बाळ झोपलेलं असताना. म्हणून खाली एक पट्टी पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत तशीच ठेवायची: ‘१ मोदक ₹४०, २१ मोदक ₹८४० (कर धरून). नोंदणी सोमवार, २५ ऑगस्ट २०२५, रात्री ९ पर्यंत किंवा १,००० मोदक होईपर्यंत. घरपोच सेवा नाही.’ त्या दिवशी रस्ते मिरवणुकांनी भरलेले असतात, डबे पोहोचत नाहीत. तेव्हा घरपोच नाही हे आधीच सांगितलेलं बरं. पट्टीवर वर्ष का, असं मालक हमखास विचारतो. कारण व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस चोवीस तासांत नाहीसं होतं, पण फॉरवर्ड केलेली चित्रफीत कधीच मरत नाही. ती पुढच्या श्रावणात कुठल्यातरी सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा उगवते. तेवढ्यासाठीच ‘आज’, ‘उद्या’, ‘या सोमवारी’ हे शब्द संहितेत चालत नाहीत. आणि एक बारीक गोष्ट: पैसे भरायचा क्यूआर कोड चित्रफितीत टाकू नये. बघणारा ती ज्या फोनवर बघतोय, त्याच फोननं त्याला तो स्कॅन करायचा असतो. नोंदणीचा नंबरही चित्रात नुसता दिसून उपयोगाचा नाही, तो खालच्या मजकुरात टाइप केलेला हवा, म्हणजे बोटानं दाबला की लागतो.

किंमत इतकी उघड सांगितली की गिऱ्हाईक तिथंच थांबतं, त्यापेक्षा ‘भावासाठी संपर्क करा’ म्हणावं, म्हणजे निदान फोन तरी येईल, असं व्यापारातले जुने लोक सांगतात. फर्निचरच्या किंवा लग्नाच्या केटरिंगच्या बाबतीत यात तथ्य असेल, तिथं भाव बोलूनच ठरतो. मोदकाचा भाव बोलून ठरत नाही. चाळीस रुपये ऐकून जो थांबला, तो फोनवरही चाळीस ऐकूनच थांबणार होता. फरक एवढाच की सणाच्या आठवड्यात त्याचा फोन घ्यायला काउंटरवरचा एक माणूस अडकून पडला असता. शिवाय अर्धवट सांगितलेल्या भावाचा राग भावाच्या आकड्यापेक्षा जास्त येतो. ‘तीस रुपयांपासून’ असं ऐकून आलेल्या माणसाला दुकानात कळतं की तीसचा मोदक साच्यातला आहे आणि हातवळणीचा पंचेचाळीसचा. तो पंचेचाळीसचा घेतो, कारण नैवेद्याची वेळ झालेली असते, पण घरी जाऊन तो काय सांगतो ते जाहिरातीत ऐकू येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जोरकस आहे. समोरचा दुकानदार वीस टक्के सूट ओरडतोय, तिथं आपण मोदकामागे पाच रुपये म्हणत बसलो तर फिके पडू. इथं मी मालकाला समोरच्याचा हिशेब मांडून दाखवते. पन्नास रुपये लिहून त्यावर वीस टक्के सूट दिली की उरतात चाळीसच. प्रश्न फक्त एवढाच की त्या दुकानात पन्नासला मोदक कधी कुणी घेतला होता का? नसेल, तर ती सूट कागदावरची आहे. आपले पंचेचाळीस खरे आहेत, कारण चतुर्थीच्या सकाळी येणारा माणूस ते मोजणार आहे. अर्थात ही बाजू तेवढ्याच काटेकोरपणे सांभाळावीही लागते. अकरा वाजता वीस-पंचवीस मोदक उरलेत म्हणून पस्तीसला काढले, तर दोन दिवस आधी पैसे भरणाऱ्या प्रत्येकाला आपण मूर्ख ठरवलं. ते मोदक बायांना घरी न्यायला द्यावेत, गणपतीच्या मंडपात पाठवावेत, पण नोंदवलेल्यापेक्षा कमी भावानं विकू नयेत. जाहिरातीची संहिता काउंटरवरच्या माणसालाही वाचून दाखवावी लागते ती यासाठीच.

राहता राहिली खोटी घाई. ‘शेवटचे काही तास’, ‘फक्त दहा डबे शिल्लक’ असं सगळेच लिहितात, त्यानं बिघडतं काय? पहिलं म्हणजे कायदा आता याकडे बघतो. ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय प्राधिकरणानं २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल आणि २०२३ मध्ये गिऱ्हाइकाला फसवून वळवणाऱ्या ‘डार्क पॅटर्न्स’बद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. खोटी तातडी दाखवणं आणि भाव थेंबाथेंबानं उघड करणं या दोन्ही गोष्टी २०२३ च्या यादीत नावानिशी आहेत. २०२२ च्या तत्त्वांनुसार माल मर्यादित असेल तर ते स्पष्ट सांगावं लागतं, आणि दाव्याला अट जोडायची तर ती दाव्याच्याच भाषेत आणि त्याच अक्षरांत हवी. दावा आवाजात असेल तर अट त्याच वेळी पडद्यावर दिसली पाहिजे. म्हणजे मराठीतून दणकून सूट सांगायची आणि खाली इंग्रजीतून मुंग्या सोडायच्या, ही आपली आवडती रीत त्यात बसत नाही. पण मिठाईच्या गल्लीत कायद्याआधी दुसरी गोष्ट लागू पडते. गिऱ्हाईक समोरच राहतं. शनिवारी ‘शेवटचे दहा डबे’ वाचणारी बाई सोमवारी भाजी आणायला त्याच रस्त्यानं जाते आणि काचेमागे डब्यांची चळत बघते. ‘हजार झाले की बंद’ हे मात्र तिला आतल्या बायांकडूनही खरंच कळेल.

माझ्या या म्हणण्याला एक मर्यादा आहे आणि ती मोठी आहे. कारण खरं असेल तिथंच हे चालतं. दिवाळीच्या भेटवस्तूंचे डबे, सोनपापडी, सुकामेव्याचे लाडू हे आठवडेच्या आठवडे टिकतात, आधी भरून ठेवता येतात, त्यांना पहाटे तीनची चूल लागत नाही. तिथं मोदकाची घाई उसनी आणली की तिचं पितळ उघडं पडतं. अशा मालासाठी मी घाईचं वाक्यच काढून टाकते. पुण्याहून बाहेरगावी डबा पाठवायचा असेल तर कुरिअरला लागणारे दिवस हे एक खरं कारण असतं, तेवढं सांगावं. बाकी वेळ वजनाच्या स्पष्टपणाला द्यावा. मिठाई वजनावर जाते तेव्हा डब्याचं वजन मिठाईत धरायचं नाही, हे वैधमापन खातं दर दिवाळीला बजावतं आणि दर दिवाळीला तक्रारी येतातच. जाड पुठ्ठ्याचा शोभिवंत डबा शंभर ग्रॅमच्या घरात सहज जातो. सहाशे रुपये किलोच्या पेढ्यांबरोबर तो काट्यावर चढला तर गिऱ्हाइकानं पुठ्ठ्याला साठ रुपये मोजले. चित्रफितीत रिकामा डबा काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणताना दाखवला आणि वर ‘पेढे पूर्ण एक किलो, डबा वेगळा’ एवढंच म्हटलं, की त्या तीन सेकंदांत जी आपुलकी वाटते ती पणत्यांच्या पन्नास चित्रांत नसते. सुट्या मिठाईच्या ताटावर ‘अमुक तारखेपर्यंत खावी’ ही पाटी १ ऑक्टोबर २०२० पासून सक्तीची आहे, ती पाटीही चित्रात येऊ द्यावी. मालक ती कॅमेऱ्याबाहेर सरकवतात, का कोण जाणे.

कधी मालक म्हणतो, हे सगळं ठीक, पण यात सण कुठाय? बाप्पाचं नाव तरी घ्या. मी विरोध करत नाही, मात्र एक गोष्ट बघायला सांगते. त्या आठवड्यात गृहकर्जाची बँक, मोबाईलचं दुकान आणि टायरवाला, सगळेच बाप्पाचं नाव घेत असतात. खवणीचा आवाज आणि पारीला पडणारी कळी मात्र त्यांच्यातल्या कुणाकडेच नाही. बायांचे चेहरे दाखवायचे असतील तर त्यांना विचारून दाखवावेत, आणि विचारल्यावर बऱ्याचदा ‘हात दाखवा फक्त’ असंच उत्तर येतं. हात पुरतात.

शेवटचं काम चित्रफीत प्रसिद्ध झाल्यावर सुरू होतं आणि ते लिहिणारीचंच आहे असं मी मानते. हजाराची नोंद सोमवारी रात्रीऐवजी रविवारी दुपारीच भरू शकते. त्या क्षणी जुनी चित्रफीत दुकानाच्या खात्यांवरून उतरवायची आणि तिच्या जागी एक साधं कार्ड लावायचं. ते कार्ड संहितेबरोबरच तयार ठेवावं लागतं, कारण त्या दुपारी ते लिहायला कुणाला फुरसत नसते. त्यावर तीनच ओळी हव्यात. ‘हजार मोदकांची नोंदणी पूर्ण झाली. नोंदवलेले डबे बुधवारी सकाळी ७ ते ११. थोडे मोदक काउंटरवर सकाळी ७ पासून, एक ₹४५, संपेपर्यंत.’